ऑनलाइन लिस्टिंगसाठी छोटा प्रॉडक्ट व्हिडिओ कसा काढायचा: चकचकीत स्टीलच्या बाटलीचं उदाहरण घेऊन

ऑनलाइन दुकान नवीन उघडलेले बरेच जण फोटो नीट काढतात आणि व्हिडिओच्या जागी तेच फोटो एकामागोमाग सरकवून, खाली गाणं लावून अपलोड करून टाकतात. त्याचा काही उपयोग होत नाही, कारण फोटो गिऱ्हाईकाने आधीच बघितलेले असतात. व्हिडिओवर बोट ठेवतो तेव्हा त्याला फोटोत न दिसलेलं काहीतरी बघायचं असतं.

मी इथे मुद्दाम स्टीलच्या चकचकीत पाण्याच्या बाटलीचं उदाहरण घेतोय. शूट करायला ही सगळ्यात त्रासदायक वस्तूंपैकी एक आहे, समोर जे असेल ते सगळं तिच्यात दिसतं, खोली, खिडकी, फोन आणि तुम्ही पण. ही जमली की कापडी पिशवी, लाकडी वस्तू, मॅट रंगाचं काहीही त्यापेक्षा सोपंच जातं.

आधी काय काय जमवायचं

- फोन, आणि तो घट्ट धरून ठेवेल असा ट्रायपॉड किंवा होल्डर
- फिकट राखाडी रंगाचा मोठा कार्डशीट, मागे आणि खाली मिळून एकच लावता येईल एवढा
- पांढरे जाड कार्डशीट किंवा थर्माकोल शीट, दोन-तीन
- काळ्या कार्डशीटच्या दोन उभ्या पट्ट्या, बाटलीपेक्षा उंच
- पांढरा पातळ पडदा किंवा बटर पेपर, खिडकीला लावायला
- मायक्रोफायबर कापड आणि सुती हातमोजे
- रंगीत टिश्यू पेपर, एक ए-४ कागद, सेलोटेप

कागदपत्रं अशी काही लागत नाहीत, फक्त एक करा. सेलर पॅनलमध्ये व्हिडिओचे नियम कुठेतरी लिहिलेले असतात ते शूटच्या आधी वाचा: जास्तीत जास्त किती सेकंद, फ्रेम चौकोनी का उभी, फाइल किती एमबीपर्यंत, आवाज राहतो का काढून टाकतात, व्हिडिओवर अक्षरं चालतात का. प्रत्येक ठिकाणी हे वेगळं असतं आणि बदलतही राहतं, त्यामुळे कोणीतरी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

१. शॉटची यादी गिऱ्हाईकांच्या प्रश्नांवरून काढा

कॅमेरा हातात घ्यायच्या आधी तुमच्यासारख्याच बाटल्यांच्या लिस्टिंगखाली लोकांनी काय विचारलंय ते वाचत बसा. विशेषतः कमी स्टारवाले रिव्ह्यू वाचा, कारण माल परत का गेला ते तिथेच कळतं. बाटलीच्या बाबतीत तेच तेच प्रश्न फिरून येतात: आडवी ठेवली तर गळते का, फोटोवरून वाटली त्यापेक्षा लहान निघाली, तोंडातून बर्फ जातो का, आत ब्रश जाईल का, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात बसेल का, झाकण एका हाताने उघडतं का.

यातले जे प्रश्न हलत्या चित्राने लगेच सुटतात ते व्हिडिओत घ्या, एका प्रश्नाला एक शॉट. बाकीचे लिहून सांगा. उदाहरणार्थ पाणी किती तास गार राहतं हे पाव-अर्ध्या मिनिटात दाखवताच येत नाही, बर्फाचे तुकडे आणि वाफेचे शॉट छान दिसतात पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही, ते तास वर्णनात लिहा आणि व्हिडिओतली जागा वाचवा.

२. उजेड: बाटलीला नाही, तिच्यात जे दिसतं त्याला उजेड द्यायचा

नवीन माणूस इथेच अडकतो. बाटली काळपट दिसली की तो आणखी एक दिवा आणून तिच्यावर मारतो, मग स्टीलवर एक पांढराफटक ठिपका येतो आणि बाकीची बाटली तशीच काळी. कारण स्टीलचा स्वतःचा असा रंग फारसा दिसतच नाही, ते आजूबाजूचं जे आहे ते परत दाखवतं, बाटली म्हणजे गोल गुंडाळलेला आरसा समजा. बाजूला अंधारी भिंत असेल तर बाटलीत अंधारी भिंतच दिसणार. त्यामुळे बाटलीच्या दोन्ही बाजूंना मोठं, पांढरं, उजेडात असलेलं काहीतरी उभं करायचं.

मांडणी अशी. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही ती निवडा, ऊन येतच असेल तर पडदा किंवा बटर पेपर लावून ते मऊ करा. टेबल असं ठेवा की खिडकी बाटलीच्या एका बाजूला येईल, कॅमेऱ्याच्या मागे किंवा समोर नाही. दुसऱ्या बाजूला पांढरी थर्माकोल शीट उभी करा, बाटलीच्या जेवढी जवळ नेता येईल तेवढी, फक्त फ्रेममध्ये दिसायला नको. आता बाटलीवर एका बाजूला खिडकीचा लांब उभा पट्टा आणि दुसऱ्या बाजूला शीटचा जरा मंद पट्टा दिसेल, आणि हेच दोन पट्टे बाटली गोल आहे हे डोळ्याला सांगतात.

बॅकग्राउंड फिकट असल्यामुळे बाटलीची कड कधीकधी मागच्या रंगात विरघळून जाते. त्यासाठी काळ्या पट्ट्या. बाटलीच्या दोन्ही बाजूंना, थोड्या मागे, फ्रेमच्या अगदी बाहेर त्या उभ्या करा आणि स्क्रीनकडे बघत इंच इंच सरकवा. एका ठिकाणी बाटलीच्या कडेला बारीक गडद रेघ उमटते आणि आकार एकदम उठून दिसतो. शुद्ध पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी बॅकग्राउंड घ्या म्हटलं ते पण याचसाठी.

शूट चालू असताना खोलीतले दिवे बंद. खिडकीचा उजेड निळसर आणि बरेचसे घरगुती बल्ब पिवळसर, दोन्ही मिसळले की बाटली एका बाजूने निळी आणि एका बाजूने पिवळी दिसते, आणि हे नंतर एडिटिंगमध्ये नीट सुटत नाही.

रात्रीच शूट करायचं असेल तर सगळे दिवे एकाच प्रकारचे वापरा आणि आधी दहा सेकंदांची क्लिप काढून बघा. चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर तो दिव्यांच्या लुकलुकण्याचा प्रकार आहे, डोळ्यांना तो दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. फोनच्या प्रो मोडमध्ये हे मिळतं, नसेल तर मॅन्युअल कॅमेऱ्याचं कुठलंही ॲप चालतं. तरीही पट्ट्या गेल्या नाहीत तर दिवा बदला, काही स्वस्त एलईडी कशानेच ऐकत नाहीत.

३. फोनच्या सेटिंग

फार काही नाही, पण ही चार कामं केलीच पाहिजेत.

एक, १०८०पी पुरेसं आहे, पण नंतर फ्रेम कापायची असेल तर ४के मध्ये घ्या. फोन उभा धरून ४के घेतलं तर चित्र २१६० बाय ३८४० पिक्सेलचं येतं, त्यातून चौकोन कापला तरी २१६० बाय २१६० उरतो, म्हणजे एकाच शूटमधून उभा आणि चौकोनी दोन्ही व्हिडिओ निघतात. मात्र मग बाटली फ्रेमच्या मधल्या चौकोनात बसेल अशीच ठेवायची. फ्रेमरेट ३० ठेवा.

दोन, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. बाटलीवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये लॉक होतं, आयफोनवर तेव्हा AE/AF LOCK असं दिसतं. हे केलं नाही तर फ्रेममध्ये हात आला की फोकस हाताकडे पळतो आणि सगळं चित्र एकदम उजळ-गडद होतं. व्हाइट बॅलन्स लॉक होत असेल तर तोही करा, नाहीतर एका शॉटमध्ये बाटली गार रंगाची आणि पुढच्यात उबदार, आणि गिऱ्हाईक विचारणार की नक्की कोणता रंग येणार.

तीन, एचडीआर व्हिडिओ बंद. फोनवर तो झकास दिसतो पण अपलोड झाल्यावर काही ठिकाणी रंग धुतल्यासारखे फिके होतात. आयफोनमध्ये Settings, मग Camera, मग Record Video मध्ये HDR Video चं बटण आहे.

चार, फोन फार जवळ नेला की काही फोन आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि चित्र मधेच हलतं. ऑटो मॅक्रो बंद करता येत असेल तर करा, नाहीतर जरा लांबून घ्या.

४. अँगल: तीन पुरतात

पहिला, समोरून, आणि कॅमेऱ्याची उंची बाटलीच्या बरोबर मध्यावर. उभं राहून, फोन खाली झुकवून शूट केलं तर बाटली वर रुंद आणि खाली निमुळती दिसते, बाटलीची उंचीही कमी वाटते आणि मग "फोटोत वेगळी होती" हे ऐकायला लागतं. स्क्रीनवर ग्रिडच्या रेघा चालू करा आणि बाटलीची कड रेघेला समांतर येतेय का बघा. फोन लांब ठेवा आणि २एक्स लेन्स वापरा. यात दोन फायदे आहेत, एक तर वस्तू वाकडी दिसत नाही आणि दुसरं म्हणजे बाटलीत दिसणारं फोनचं प्रतिबिंब बारीक होतं. तेवढंही नको असेल तर पांढऱ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडून फोन त्याच्या मागे ठेवा, प्रतिबिंबात फक्त एक छोटा काळा ठिपका उरतो. कपडे गडद लाल किंवा चट्ट्यापट्ट्यांचे घालू नका, तेसुद्धा दिसतात!

दुसरा, साधारण ४५ अंशातून वरून. झाकण उघडणं, बॅगेत घालणं असले हाताने काही करायचे शॉट याच अँगलने, कारण माणूस स्वतः वापरताना वस्तू अशीच बघतो.

तिसरा, सरळ वरून, फक्त तोंड आणि आतली बाजू दाखवायला. इथे फोनची सावली आत पडते, म्हणून बाटली खिडकीकडे थोडी कलती करा.

गोल फिरणारे टर्नटेबल घ्यायचे का, असा प्रश्न पडेल. बाटलीला गरज नाही, ती सगळीकडून सारखीच असते. मागे-पुढे वेगळ्या असलेल्या वस्तूला, म्हणजे बूट, बॅग वगैरे, ते कामाला येतं. कॅमेरा मात्र हलवू नका, हलू दे ती वस्तू. हातात फोन धरून वस्तूभोवती फिरणारे शॉट बघायला त्रास होतो आणि स्टीलमध्ये तर तुम्ही स्वतःच फिरताना दिसता.

५. शूट करताना: पूर्ण उदाहरण

बाटली पुसून हातमोजे घाला, मग मांडणी करा. बोटांचे ठसे फोनच्या स्क्रीनवर कळत नाहीत आणि मोठ्या स्क्रीनवर बघितले की सगळं परत काढावं लागतं. हात दाखवायच्या शॉटमध्ये मोजे काढा अर्थातच, पण ते शॉट शेवटी घ्या.

एकूण २४ सेकंदांचा व्हिडिओ धरला तर मी असा लावतो:

- ० ते ५ सेकंद: भरलेली, झाकण बंद केलेली बाटली रंगीत टिश्यूवर उलटी धरून जोरात हलवायची, मग टिश्यू कॅमेऱ्यासमोर धरायचा
- ५ ते ९: बाटली ए-४ कागदाच्या शेजारी, मग हातात
- ९ ते १३: झाकण एका हाताने उघडून परत बंद
- १३ ते १७: वरून तोंड, बर्फाचे तुकडे आत जाताना
- १७ ते २१: बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सरकवताना
- २१ ते २४: बॉक्समध्ये जे जे येतं ते सगळं एका फ्रेममध्ये

आता गळतीच्या शॉटबद्दल जरा सविस्तर, कारण पूर्ण व्हिडिओ त्याच्यावर चालतो. पांढऱ्या टिश्यूवर पाण्याचा थेंब कॅमेऱ्याला जवळजवळ दिसत नाही, रंगीत टिश्यूवर तोच थेंब गडद डाग होऊन उठतो, म्हणून रंगीत. बाटली उलटी करण्यापासून टिश्यू दाखवेपर्यंत कट घ्यायचा नाही. मधे कट दिसला की बघणारा लगेच म्हणतो की टिश्यू बदलला असणार, आणि त्याचं चुकतं असंही नाही. बाटली भरलेली आहे हे कळायला शॉटच्या आधी झाकण लावताना आत पाण्याची पातळी क्षणभर दिसू दे. आणि डाग पडलाच तर? मग तो शॉट व्हिडिओत घेऊ नका आणि "लीकप्रूफ" हा शब्द लिस्टिंगमधूनही काढा, आधी झाकणाची रबरी रिंग नीट बसलीय का बघा.

साइजच्या शॉटमध्ये फक्त हात पुरत नाही कारण हात लहान-मोठे असतात. ए-४ कागद मात्र सगळ्यांना माहीत असतो आणि त्याची उंची २९.७ सेंटीमीटर ठरलेली. समजा बाटली २६ सेंटीमीटरची आहे, तर ती कागदाच्या जरा खाली येते आणि बघणाऱ्याला लगेच अंदाज येतो. कागद आणि बाटली कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर हवेत, कागद मागे राहिला तर तो लहान आणि बाटली उगाच मोठी दिसते.

प्रत्येक शॉट सुरू करताना दोन सेकंद काहीच न करता थांबा, संपल्यावरही दोन सेकंद. एडिटिंग करताना या मोकळ्या सेकंदांची किंमत कळते.

शेवटच्या शॉटमध्ये जी वस्तू बॉक्समध्ये येत नाही ती ठेवायची नाही. शोभेसाठी ठेवलेला ब्रश किंवा जाळीची पिशवी गिऱ्हाईक सोबत येणार असं धरून चालतो आणि आली नाही की रिटर्न टाकतो, त्यात तुम्ही भांडूही शकत नाही.

६. लांबी आणि एडिटिंग

नियमात ६० सेकंद चालत असले तरी ६० सेकंद भरायची सक्ती नाही. साध्या वस्तूला १५ ते ३० सेकंद पुष्कळ झाले, जुळवणी करायची किंवा चार्ज करायची वस्तू असेल तर जास्त. १५ ची मर्यादा असेल तर वरच्या यादीतून गळती, साइज आणि झाकण एवढं ठेवा, गळतीचा शॉट पाच सेकंदच राहू दे, बाकीचे कापा.

सगळ्यात मोठा प्रश्न पहिल्या शॉटमध्ये टाका. काळ्या पडद्यातून हळूहळू उजळत येणारा लोगो नको, व्हिडिओ सुरू झाला की लगेच वस्तू दिसली पाहिजे. शिवाय काही ठिकाणी पहिलीच फ्रेम कव्हर म्हणून लागते, ती काळी असेल तर लिस्टिंगमध्ये काळा चौकोन दिसतो.

बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात आणि कित्येक ठिकाणी व्हिडिओ आपोआप म्यूटच सुरू होतो, म्हणून बोलून सांगायचं ते अक्षरांत लिहा, चालत असेल तर. चार-पाच शब्दांच्या पुढे नको: "२६ सेमी उंच", "एका हाताने उघडते". अक्षरं फ्रेमच्या अगदी खाली किंवा कडेला ठेवू नका, तिथे बटणं येतात. गाणं घालायचंच असेल तर ज्याचे हक्क तुमच्याकडे आहेत तेच, सिनेमाचं गाणं लावून व्हिडिओ काढून टाकला गेला तर तक्रार कोणाकडे करणार.

फिल्टर लावू नका. रंग सुंदर करायच्या नादात निळी बाटली जांभळट होते आणि मग "कलर वेगळा आला" सुरू.

७. एक्स्पोर्ट आणि अपलोड

एमपी४, एच.२६४, १०८०पी, बिटरेट साधारण १० एमबीपीएस. २४ सेकंदांची फाइल मग सुमारे ३० एमबी होते, तुमच्या मर्यादेत बसते का ते बघून बिटरेट कमी-जास्त करा.

फोनमधून कॉम्प्युटरवर फाइल नेताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान होतो आणि स्टीलवरच्या उजेडाच्या पट्ट्यांचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. केबलने न्या, किंवा पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

व्हिडिओ रिजेक्ट होण्याची कारणं बहुतेक वेळा तीच असतात: फोन नंबर, दुसऱ्या साइटची लिंक किंवा क्यूआर कोड, किंमत किंवा ऑफर लिहिलेली, दुसऱ्या ब्रँडचं नाव दिसणं. शेवटचं फसवं आहे, बॅगेच्या कप्प्याचा शॉट घेताना बॅगेवरच कुठल्यातरी कंपनीचा लोगो असतो. साधी बॅग घ्या किंवा लोगो आतल्या बाजूला वळवा.

लाइव्ह झाल्यावर लिस्टिंग स्वतःच्या नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी साध्या फोनवर उघडा, आवाज बंद करा आणि ज्याने बाटली कधी बघितलेली नाही अशा माणसाच्या हातात द्या. बघून झाल्यावर त्याला विचारा बाटली किती मोठी आहे आणि झाकण कसं उघडतं. तो अडखळला तर तेवढाच शॉट परत काढा, बाकीचे तसेच राहू द्या. त्यासाठी मूळ क्लिप डिलीट करू नका आणि टेबल, शीट, ट्रायपॉड कुठे होते ते जमिनीवर सेलोटेपने खुणा करून त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे उद्या झाकणाचं डिझाइन बदललं तरी चार सेकंदांचा नवा तुकडा जुन्या उजेडात बसवता येतो.